सी.डी.च्या पुढे: अनोव्हा सार्थक आल्यावर सहा ट्रीटमेंटची आपसात तुलना कशी करावी

खानदेशातील शेतीविषयक प्रबंध किंवा प्रयोग अहवाल उघडला, की सरासरींच्या तक्त्याखाली बहुतेक वेळा एस.ई.एम., पाच टक्क्यांवरचा सी.डी. आणि सी.व्ही. हे तीन आकडे दिसतात. एफ चाचणी सार्थक आली असेल, तर विद्यार्थी सी.डी. हाताशी घेऊन प्रत्येक दोन सरासरींमधला फरक त्याच्याशी ताडून पाहतो आणि ज्या जोडीतला फरक सी.डी.हून मोठा असेल, ती जोडी सार्थक ठरवतो. तीन ट्रीटमेंट असतील तर ही रीत चालून जाते. सहा, आठ किंवा बारा असतील, तर मात्र पाच टक्के चुकीची जी हमी तक्त्याच्या तळाशी लिहिलेली असते, ती प्रत्यक्षात पाळली जात नाही. असे का होते, त्याऐवजी काय करावे आणि ते पायरीपायरीने कसे करावे, हे एकाच उदाहरणाच्या आधारे येथे मांडले आहे.

उदाहरण आणि त्याचा अनोव्हा

रावेर भागातील ग्रँड नैन केळीच्या कांदेबागेत खत देण्याच्या सहा पद्धतींचा प्रयोग घेतला आहे, असे समजू. टी१ म्हणजे नेहमीप्रमाणे खते झाडाभोवती जमिनीतून देणे, आणि टी२ ते टी६ म्हणजे तेवढीच एकूण मात्रा ठिबकमधून पाच निरनिराळ्या वेळापत्रकांनी देणे. प्रयोग यादृच्छिक गट पद्धतीचा, म्हणजे आर.बी.डी.चा आहे. त्यात पाच ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकमध्ये सहा प्लॉट आणि प्रत्येक प्लॉटमध्ये मोजणीची पाच झाडे आहेत. प्लॉटमधील पाच घडांच्या वजनाची सरासरी हे त्या प्लॉटचे एक निरीक्षण धरले आहे. पुढील आकडे पद्धत समजावण्यासाठी तयार केलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगाचे निष्कर्ष नाहीत.

| ट्रीटमेंट | घडाचे सरासरी वजन (किलो) |
|---|---|
| टी१ (जमिनीतून) | २०.१ |
| टी२ | २१.६ |
| टी३ | २२.४ |
| टी४ | २३.२ |
| टी५ | २४.१ |
| टी६ | २४.७ |

ट्रीटमेंटची स्वातंत्र्य मात्रा ५ आणि मीन स्क्वेअर १४.२७ आहे, तर एररची स्वातंत्र्य मात्रा २० आणि मीन स्क्वेअर २.५० आहे. त्यावरून एफचे मूल्य ५.७१ येते. पाच टक्क्यांवरचे तक्त्यातील मूल्य २.७१ असल्यामुळे निकाल स्पष्टपणे सार्थक आहे. दोन सरासरींमधील फरकाची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी एरर मीन स्क्वेअरची दुप्पट करून तिला पुनरावृत्तींच्या संख्येने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. येथे २ गुणिले २.५ भागिले ५ म्हणजे १ आणि त्याचे वर्गमूळही १, म्हणून ही प्रमाण त्रुटी बरोबर १ किलो आहे. आकडेमोड डोळ्यांसमोर राहावी यासाठीच एररचा आकडा असा निवडला आहे.

एफ चाचणीने येथे एवढेच सांगितले, की सहाही पद्धती सारख्याच आहेत हे म्हणणे टिकत नाही. कोणती पद्धत कोणत्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे, याबद्दल तिने काहीही सांगितलेले नाही. पुढचे सगळे काम याच प्रश्नाचे आहे.

सी.डी. नेमका कोठे कमी पडतो

सी.डी. म्हणजे वीस स्वातंत्र्य मात्रांवरचे टीचे मूल्य २.०८६ गुणिले प्रमाण त्रुटी, म्हणजे येथे २.०९ किलो. हे मूल्य एका ठरावीक जोडीसाठी काढलेले असते, आणि ती जोडी आकडे पाहण्याआधीच निश्चित केलेली आहे असे त्यात गृहीत असते. सहा सरासरींमधून मात्र १५ जोड्या होतात. आकडे हाती आल्यावर आपली नजर साहजिकच सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सरासरीवर जाते. सहाही पद्धती खरोखर सारख्या असल्या, तरी सहा सरासरींपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक हा कोणत्याही दोन सरासरींमधल्या सर्वसाधारण फरकापेक्षा मोठाच असणार, कारण ती जोडी आपण तिच्या मोठेपणावरूनच निवडलेली आहे. सी.डी.ला या निवडीचा पत्ता नसतो.

या निवडीमुळे किती चुका होतात, याचा अंदाज घेता येतो. पंधराही तुलना एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर किमान एक खोटा फरक हाती येण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के झाली असती. प्रत्यक्षात एकच सरासरी पाच जोड्यांमध्ये येत असल्यामुळे तुलना एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि ही शक्यता साधारण एक तृतीयांशापर्यंत खाली येते. म्हणजे ज्या तक्त्याखाली पाच टक्के असे लिहिलेले असते, त्यात निदान एक तरी जोडी चुकीने सार्थक ठरण्याची शक्यता त्याच्या सहा ते सात पट असते. संपूर्ण प्रयोगातील अशी किमान एक चूक होण्याच्या शक्यतेला येथे एकूण चूक-दर म्हटले आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, की एफ चाचणी सार्थक आल्याशिवाय आपण सी.डी. वापरतच नाही, म्हणून एफ चाचणीच संरक्षण करते. फिशरच्या संरक्षित एल.एस.डी.चा युक्तिवाद हाच आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. सर्वच ट्रीटमेंट सारख्या असतील, तर एफ चाचणी शंभरपैकी पंचाण्णव वेळा दार बंद ठेवते आणि खोटे फरक आत येत नाहीत. पण समजा, जमिनीतून खत देण्याची पद्धत खरोखरच मागे आहे आणि ठिबकची पाचही वेळापत्रके एकसारखी आहेत. अशा वेळी केवळ टी१ मुळे एफ चाचणी जवळजवळ दर वेळी सार्थक येईल. दार उघडले, की ठिबकच्या पाच वेळापत्रकांमधील दहा जोड्या सी.डी.च्या मापाने तपासल्या जातील, आणि त्यांच्यात खरा फरक काहीही नसताना एखादी जोडी सार्थक निघण्याची शक्यता साधारण चौथ्या हिश्श्याइतकी असेल. शेतीच्या प्रयोगांत एखादी ट्रीटमेंट उघडपणे कमजोर असणे हेच नेहमीचे चित्र असते, त्यामुळे हे संरक्षण नेमके गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. तीन ट्रीटमेंटच्या प्रयोगात मात्र ते पुरेसे असते. एक वेगळी निघाली, तर उरलेल्या दोनांची एकच जोडी राहते आणि तिच्यासाठी पाच टक्क्यांचे माप योग्यच आहे.

डंकनची चाचणीही आपल्याकडे फार वापरली जाते. तिचे माप सी.डी.पेक्षा थोडे कडक असले, तरी एकूण चूक-दर पाच टक्क्यांवर ठेवण्यासाठी ती बनवलेलीच नाही. सहा ट्रीटमेंटसाठी तिच्या रचनेतच हा दर सुमारे २३ टक्क्यांपर्यंत जाऊ दिलेला आहे. एखाद्या मार्गदर्शकाने तिचाच आग्रह धरला, तर निदान ही गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहावी.

पहिली पायरी: तुलना कोणत्या, हे आधी ठरवणे

माप निवडण्यापूर्वी प्रश्न निवडावा लागतो, आणि तो प्रयोगाच्या आराखड्यातच लिहिलेला असावा. आपल्याला सहाही पद्धतींची आपसात तुलना हवी असेल, तर १५ जोड्या होतात आणि त्यासाठी टुकीची पद्धत आहे. जमिनीतून खत देण्यापेक्षा ठिबकची कोणती वेळापत्रके वेगळी ठरतात एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर पाचच तुलना होतात आणि त्यासाठी डनेटची पद्धत आहे. आधी ठरवलेल्या दोन-चार वेगळ्याच तुलना असतील, उदाहरणार्थ टी३ विरुद्ध टी५ आणि टी४ विरुद्ध टी६, तर प्रत्येकीची साधी टी चाचणी करून तिच्या पी मूल्यावर होमची दुरुस्ती करावी. होमच्या दुरुस्तीत पी मूल्ये चढत्या क्रमाने लावतात, सर्वांत लहान मूल्याला तुलनांच्या एकूण संख्येने गुणतात, त्यापुढच्याला एकाने कमी संख्येने, आणि याच क्रमाने पुढे जातात. एखादे गुणलेले मूल्य ०.०५ च्या वर गेले, की तेथेच थांबायचे आणि त्यापुढची कोणतीही तुलना सार्थक म्हणायची नाही. बॉन्फेरोनीच्या दुरुस्तीत सगळ्यांनाच पूर्ण संख्येने गुणतात. होमची पद्धत तेवढीच हमी देते आणि कधीही बॉन्फेरोनीपेक्षा कमी जोड्या पकडत नाही, म्हणून बॉन्फेरोनी वापरण्याचे कारण उरत नाही.

या निवडीवर मापाचा कडकपणा किती अवलंबून असतो, हे आपल्या उदाहरणात सरळ दिसते, कारण प्रमाण त्रुटी १ किलो असल्यामुळे प्रत्येक पद्धतीचे गुणकमूल्य हाच तिचा किमान सार्थक फरक ठरतो. सी.डी.चे माप २.०९ किलो आहे, डनेटचे २.७३ किलो आणि टुकीचे ३.१४ किलो. जितके प्रश्न जास्त, तितके माप मोठे. म्हणूनच ज्या तुलनांशी आपला संबंध नाही, त्या उगाच यादीत ओढू नयेत.

दुसरी पायरी: टुकीचे माप काढणे

टुकीची पद्धत वर सांगितलेल्या अडचणीवरच नेमके बोट ठेवते. सगळ्या पद्धती सारख्या असताना सहा सरासरींपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक किती मोठा असू शकतो, याचेच वितरण ती वापरते. त्या वितरणातील मूल्याला क्यू म्हणतात, आणि ते ट्रीटमेंटची संख्या व एररची स्वातंत्र्य मात्रा या दोन्हींवर अवलंबून असते. सहा ट्रीटमेंट आणि वीस स्वातंत्र्य मात्रांसाठी पाच टक्क्यांवरचे क्यू ४.४४५ आहे.

येथे एक चूक फार वेळा होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. क्यूला फरकाच्या प्रमाण त्रुटीने गुणायचे नसते, तर एका सरासरीच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे तक्त्यातील एस.ई.एम.ने गुणायचे असते. एस.ई.एम. म्हणजे २.५ भागिले ५ याचे वर्गमूळ, ०.७०७ किलो. म्हणून टुकीचे माप, ज्याला एच.एस.डी. म्हणतात, ४.४४५ गुणिले ०.७०७ म्हणजे ३.१४ किलो येते. चुकून फरकाची प्रमाण त्रुटी घेतली, तर माप ४.४५ किलोपर्यंत फुगते आणि खरे फरक हातातून निसटतात. पडताळणी सोपी आहे. एच.एस.डी.ला सी.डी.ने भागावे. सहा ट्रीटमेंट आणि वीस स्वातंत्र्य मात्रांसाठी भागाकार दीडच्या आसपास यायला हवा. तो दोनच्या वर गेला, तर प्रमाण त्रुटी चुकीची घेतलेली आहे.

तिसरी पायरी: जोड्या तपासणे

सरासरी चढत्या क्रमाने लावून सर्वांत मोठ्या फरकापासून सुरुवात करावी. टी६ आणि टी१ यांच्यात ४.६ किलोचा फरक आहे आणि तो ३.१४ पेक्षा मोठा असल्याने सार्थक आहे. टी५ आणि टी१ यांच्यातील ४.० किलोचा फरकही सार्थक आहे. टी४ आणि टी१ यांच्यात ३.१ किलो आणि टी६ आणि टी२ यांच्यातही ३.१ किलोचा फरक आहे. दोन्ही मापाच्या किंचित खाली राहतात. उरलेल्या अकरा जोड्यांतील फरक याहून लहान असल्याने त्या तपासण्याची गरजच नाही. सी.डी.च्या मापाने मात्र सात जोड्या सार्थक ठरल्या असत्या, आणि त्यांत टी६ व टी३ यांच्यातला २.३ किलोचा फरकही आला असता.

दोन काठावरच्या जोड्यांबद्दल प्रामाणिकपणे काय लिहावे, हा खरा प्रश्न आहे. ३.१ किलोचा फरक सार्थक नाही एवढेच लिहिले, तर टी२ हे टी६ इतकेच चांगले आहे असा अर्थ वाचक काढतो, आणि तसे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या जोडीसोबत विश्वास मर्यादा द्याव्यात. त्या काढण्यासाठी फरकात टुकीचे माप एकदा मिळवायचे आणि एकदा वजा करायचे. टी६ आणि टी१ यांच्यासाठी त्या १.४६ ते ७.७४ किलो येतात, म्हणजे फरक नक्की आहे, पण तो दीड किलोचा आहे की साडेसात किलोचा, हे या प्रयोगातून ठरत नाही. टी६ आणि टी२ यांच्यासाठी त्या उणे ०.०४ ते ६.२४ किलो आहेत. शून्य मर्यादेत आहे, पण अगदी कडेला, आणि जवळजवळ सगळी मर्यादा टी६ च्या बाजूने आहे. टी६ आणि टी५ यांच्यासाठी त्या उणे २.५४ ते ३.७४ किलो आहेत, म्हणजे या दोघांत कोण पुढे आहे, हे या प्रयोगाला सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या तीन वाक्यांत केवढा फरक आहे, हे सार्थक आणि असार्थक या दोन शब्दांत मावत नाही.

चौथी पायरी: तक्त्यात अक्षरे लावणे

निकाल थोडक्यात दाखवण्यासाठी सरासरींपुढे अक्षरे लावतात. ज्या दोन सरासरींना एकही अक्षर समान नाही, त्यांच्यातच सार्थक फरक असतो. येथे अ आणि ब अशी अक्षरे घेऊ. सर्वांत वरच्या टी६ ला अ द्यावे आणि तिच्यापासून ३.१४ किलोच्या आत असलेल्या सर्वांना तेच अक्षर द्यावे. टी५, टी४, टी३ आणि टी२ यांना ते मिळते, टी१ ला मिळत नाही. आता टी१ ला ब द्यावे आणि तिच्यापासून ३.१४ किलोच्या आत असलेल्यांनाही ब द्यावे. टी२, टी३ आणि टी४ यांना ते मिळते. शेवटी टी६ आणि टी५ पुढे अ, टी४, टी३ आणि टी२ पुढे अब आणि टी१ पुढे ब असे दिसते.

टी४, टी३ आणि टी२ पुढचे अब पाहून अनेक जण गोंधळतात, की या तिन्ही टी६ सारख्याही आहेत आणि टी१ सारख्याही, मग टी६ आणि टी१ वेगळ्या कशा? यात विसंगती काहीच नाही. फरक सिद्ध न होणे म्हणजे सारखेपणा सिद्ध होणे नव्हे, आणि मधल्या पद्धती दोन्ही टोकांपासून वेगळ्या दाखवण्याइतकी ताकद पाच ब्लॉकमध्ये नव्हती, एवढाच या अक्षरांचा अर्थ आहे. अक्षरांच्या तक्त्याखाली कोणती पद्धत वापरली आणि किमान सार्थक फरक किती होता, हे लिहिल्याशिवाय ती अक्षरे वाचता येत नाहीत.

नियंत्रणाशीच तुलना असेल तर

आता हाच प्रयोग केवळ एका प्रश्नासाठी घेतला असे समजू, की जमिनीतून खत देण्यापेक्षा ठिबकचे कोणते वेळापत्रक वेगळे निकाल देते. तुलना पाचच आहेत आणि प्रत्येकीत टी१ आहे. डनेटचे दुहेरी मूल्य २.७३ असल्याने माप २.७३ किलो येते. टी६ चा ४.६, टी५ चा ४.० आणि टी४ चा ३.१ किलोचा फरक या मापाहून मोठा आहे, म्हणून तिन्ही वेळापत्रके टी१ पेक्षा सार्थकपणे वेगळी आहेत. टी३ चा २.३ किलोचा फरक त्यात बसत नाही. टी४ साठी विश्वास मर्यादा ०.३७ ते ५.८३ किलो येतात.

म्हणजे टी४ टुकीने सुटली होती आणि डनेटने पकडली गेली. येथेच मोह होतो. दोन्ही चाचण्या चालवून ज्यात टी४ सार्थक येते तिचाच निकाल छापावा, असे वाटू लागते. तसे केले, तर दोन्हींपैकी कोणतीच हमी शिल्लक राहत नाही, कारण आपण प्रत्यक्षात दोन मापे लावून त्यांतले सोयीचे निवडलेले असते. डनेटचे सैल माप मिळते ते इतर दहा जोड्यांवर बोलण्याचा हक्क सोडल्याबद्दल. ज्याने डनेट वापरले, त्याने टी६ आणि टी२ यांच्यातील फरकाबद्दल सार्थकतेचे वाक्य लिहू नये.

संगणकावर

एक्सेलमध्ये टुकीच्या क्यू मूल्याचे तयार सूत्र नाही, त्यामुळे तेथे तक्ता पाहून हाताने माप काढावे लागते. आर या मोफत प्रणालीत सगळे काम थोड्या ओळींत होते.

```r
d$block <- factor(d$block)
d$treat <- factor(d$treat)
m <- aov(weight ~ block + treat, data = d)
summary(m)

library(emmeans)
e <- emmeans(m, "treat")
summary(pairs(e, adjust = "tukey"), infer = c(TRUE, TRUE))
```

केवळ टी१ शी तुलना हवी असेल, तर शेवटच्या ओळीऐवजी पुढील ओळ लिहावी.

```r
summary(contrast(e, "trt.vs.ctrl", ref = 1, adjust = "mvt"),
        infer = c(TRUE, TRUE))
```

पहिल्या दोन ओळी विसरू नयेत. ब्लॉक १, २, ३, ४, ५ असे आकड्यांत भरलेले असतील आणि त्यांना factor केले नाही, तर आर त्यांना मोजमाप समजतो आणि ब्लॉकसाठी चारऐवजी एकच स्वातंत्र्य मात्रा खर्च करतो. तसे झाले, तर अनोव्हाच्या तक्त्यात एररच्या ओळीत २० ऐवजी २३ दिसते, आणि तेवढ्यावरून चूक लगेच ओळखता येते. हाताने काढलेले क्यू पडताळायचे असेल, तर `qtukey(0.95, 6, 20)` लिहावे.

जेथे हे माप लावूच नये, किंवा जपून लावावे

सर्वांत घातक चूक पुनरावृत्तीच्या मोजणीत होते. प्लॉटमधील पाच झाडे ही पाच पुनरावृत्ती नव्हेत, कारण त्यांना एकच खत, एकच पाणी आणि एकाच तुकड्याची जमीन मिळालेली असते. प्रत्येक झाड स्वतंत्र निरीक्षण म्हणून भरले, तर एररची स्वातंत्र्य मात्रा २० ऐवजी १४० होते, प्रमाण त्रुटी बहुधा खूप लहान दिसते आणि टुकीचे माप कितीही काळजीपूर्वक लावले तरी निकाल खोटा असतो. एकूण चूक-दर सांभाळण्याची कोणतीही पद्धत चुकीच्या एररला दुरुस्त करू शकत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळात एखादा प्लॉट आडवा झाला, तर पुनरावृत्तींची संख्या असमान होते. तेव्हा प्रत्येक जोडीसाठी प्रमाण त्रुटी वेगळी काढावी लागते, आणि या बदलासह वापरलेल्या पद्धतीला टुकी-क्रेमर म्हणतात. ब्लॉकच्या प्रयोगात साध्या सरासरीही तिरक्या होतात, कारण चांगल्या ब्लॉकमधला प्लॉट गेला तर त्या ट्रीटमेंटची सरासरी विनाकारण खाली येते. वर दिलेली emmeans ची ओळ ब्लॉकचा फरक जमेस धरून सुधारलेल्या सरासरींवर काम करते, म्हणून अशा वेळी तिचाच आधार घ्यावा.

टुकीच्या पद्धतीत सर्व ट्रीटमेंटमधील चढउतार सारखा असल्याचे गृहीत आहे. किडीच्या संख्येसारखी मोजणी असेल, तर सरासरी वाढते तसा चढउतारही वाढतो, आणि मग एकच एरर सर्वांना लावणे चुकीचे ठरते. अनोव्हाचे उरलेले फरक अंदाजित मूल्यांसमोर आलेखावर मांडले, तर ते उजवीकडे पंख्यासारखे पसरलेले दिसतात. तसे दिसल्यास आधी योग्य रूपांतर करावे, किंवा मोजणीसाठी योग्य असलेले मॉडेल वापरून मगच जोड्या तपासाव्यात.

ट्रीटमेंट म्हणजे एकाच गोष्टीच्या चढत्या मात्रा असतील, उदाहरणार्थ नत्राच्या शून्य, १००, २०० आणि ३०० ग्रॅम प्रति झाड अशा पायऱ्या, तर जोड्यांची तुलना करूच नये. तेथे प्रश्न असतो मात्रेनुसार वजन कसे वाढते आणि कोठे थांबते हा, आणि त्याचे उत्तर वक्ररेषेतून मिळते. २०० आणि ३०० मध्ये सार्थक फरक नाही, असे अक्षरांवरून लिहिणे म्हणजे हातातली बहुतेक माहिती फेकून देणे होय.

आणखी एक गोष्ट. एफ चाचणी सार्थक येऊनही टुकीच्या मापाने एकही जोडी सार्थक न निघणे शक्य आहे, कारण एफ चाचणी केवळ जोड्या पाहत नाही. तीन विरुद्ध तीन अशा गटांमधला फरकही ती पकडते. उलटही घडू शकते. टुकीची पद्धत आपला चूक-दर स्वतःच सांभाळते, तिला एफ चाचणीच्या परवानगीची गरज नसते. म्हणून अशा वेळी दोन्हींपैकी एक चुकले असे समजून माप बदलत बसू नये.

ब्लॉक किती घ्यावेत

टुकीचे माप सी.डी.च्या दीडपट आहे, हे प्रयोग संपल्यावर कळून काही उपयोग नसतो. ते लागवडीपूर्वीच हिशोबात धरावे लागते. घडामागे दोन किलोचा फरक महत्त्वाचा वाटत असेल आणि एरर २.५ च्या आसपास अपेक्षित असेल, तर पाच ब्लॉकमध्ये माप ३.१४ किलो येणार, हे आधीच सांगता येते. दहा ब्लॉक घेतले, तर एररची स्वातंत्र्य मात्रा ४५ होते, क्यू ४.२ च्या जवळ येते, एस.ई.एम. ०.५ किलो होते आणि माप साधारण २.१ किलोवर येते. तेवढ्यानेही काम भागत नाही, कारण खरा फरक मापाइतकाच असेल, तर तो सार्थक निघण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. दोन किलोचा फरक ऐंशी टक्के वेळा पकडायचा असेल, तर माप दोन किलोहून बरेच खाली आणावे लागेल. तेवढे प्लॉट शेतात मावत नसतील, तर सहा पद्धतींऐवजी तीनच निवडून प्रयोग घ्यावा, किंवा प्रश्न टी१ शी तुलनेपुरता ठेवून तसे आराखड्यात लिहावे आणि डनेटच्या मापावर ब्लॉकची संख्या ठरवावी.